नाव मंजूर, मजकूर बाकी

तिचं खरं नाव ऑफिसात फार तर दोघातिघांना ठाऊक असेल. बाकी सगळे तिला कोडताई म्हणत, आणि तीही त्या नावाला ओ देई. कंपनी दोन टेबलं आणि एक गळका कूलर एवढीच होती तेव्हापासून ती तिथे. तेव्हापासून तिचं काम एकच: ॲपमध्ये नंबर टाकला की फोनवर जो सहा आकडी कोड येतो, तो येतोय ना हे बघणं. ऐकायला सोपं वाटतं. पण कोड वेळेवर आला म्हणून आजवर कुणी कुणाची पाठ थोपटलेली नाही, आणि नाही आला तर माणसं घर डोक्यावर घेतात. ज्या कामात शाबासकी नसते आणि शिव्या मात्र ठरलेल्या असतात, त्यातलं हे एक. तिला ते आवडायचं. का आवडायचं ते देव जाणे.

घरी ती थोरली. आई, धाकटा भाऊ आणि भावजय असं चौघांचं घर, आणि त्या घरात तिने कोडचं शास्त्र जवळपास पाठ करून घेतलं होतं. कोडचं नाव काढून कुणी फोन केला की हूं की चूं न करता ठेवून द्यायचा. समोरचा कितीही गोड बोलो, आपलं नाव घेवो, गाव सांगो, ठेवायचा म्हणजे ठेवायचा. आई इतकी पक्की तयार झाली होती की एकदा भावाने मित्राच्या फोनवरून, "आई, माझ्या फोनवर कोड आला असेल बघ," म्हणताच तिने फोन आपटला आणि शेजारणीला अभिमानाने सांगितलं की चोर आता मुलाचा आवाजही काढायला लागलेत. भाऊ आठवडाभर बहिणीवर धुसफुसत होता. कोडताई मात्र खूश. ॲपच्या पहिल्याच पडद्यावर तिने भांडून ठळक अक्षरांत एक ओळ घालून घेतली होती: आमच्याकडून कोडसाठी कुणीही, कधीही फोन करत नाही.

कंपनीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक प्रवेश कार्यालय. नर्सिंगच्या शिक्षणाच्या जागा तेच वाटायचं. मुलांना जागा मिळाली की ॲपवर जाऊन 'मला हवी' असं पक्कं करायचं, आणि पक्कं करताना घरच्या नोंदवलेल्या नंबरावर कोड जायचा. कोड टाकला की जागा तुमची. मुदत संपेपर्यंत नाही टाकला, तर ती जागा आपोआप यादीतल्या पुढच्या मुलाकडे. जागांची यादी कार्यालयाच्या स्वतःच्या यंत्रावर होती. ॲपने फक्त होकार पोचवायचा.

त्या वर्षी मालकांनी कंपनीचं नाव बदललं. मालक माणूस भला, पण हौशी. जुन्या नावाला म्हणे वजन नव्हतं. नवी पाटी आली, नवी कार्डं आली, आणि कोडताईच्या डोक्याला नवा ताप आला. कारण कोडचा मेसेज कुणीही उठून कुठल्याही नावाने पाठवू शकत नाही. टेलिफोन कंपन्या एक नोंदवही ठेवतात. मेसेजच्या माथ्यावर पाठवणाऱ्याचं जे नाव दिसतं, ते त्यात आधी मंजूर करून घ्यावं लागतं. मेसेजचा मजकूरही शब्दन् शब्द नोंदवावा लागतो, आकड्यांपुरती जागा मोकळी ठेवून. त्या नोंदवलेल्या मजकुराला सगळे टेम्प्लेट म्हणतात. दोन्हींपैकी एकाची जरी नोंद सापडली नाही तरी मेसेज वेशीवरच अडवला जातो. फसवणूक थांबावी म्हणून केलेला हा नियम, आणि कोडताईचा त्याला मनापासून पाठिंबा होता.

तिने नव्या नावाचा अर्ज वेळेत भरला. कागद जोडले, एकदा परत आला तो दुरुस्त करून पुन्हा पाठवला, आणि मंजुरीही आली. जुनं नाव कोणत्या तारखेला बंद होणार तेही नोंदवहीने कळवलं होतं. तिने आदल्या दिवशी चाचणीच्या ॲपमधून स्वतःच्या फोनवर कोड मागवला. चुटकीसरशी आला. तिने सगळं ठीक म्हणून मालकांकडे बघून अंगठा वर केला, आणि जुनं नाव बंद झालं त्या सकाळी ॲप नव्या नावावर चढवलं.

चूक इथेच झाली, आणि ती तिचीच होती. चाचणीच्या ॲपचे मेसेज कंपनीच्या नावाने जातच नसत. मेसेज वाहून नेणारी जी मधली कंपनी असते, तिच्या स्वतःच्या नावाने आणि तिने केव्हाच नोंदवून ठेवलेल्या मजकुराने ते जायचे, तेही चाचणीसाठी लिहून दिलेल्या मोजक्या नंबरांवर. म्हणजे फोनवर मेसेज आला हे खरं, पण त्याचा नव्या नावाशी काडीचा संबंध नव्हता. दुसरं म्हणजे टेम्प्लेट नावाला बांधलेलं असतं. नाव बदललं की मजकूरही नव्या नावाखाली पुन्हा नोंदवावा लागतो. तिला वाटलं होतं नावापाठोपाठ मजकूर आपसूक येईल, जसं घर बदललं की माणूस भांडीकुंडी घेऊन येतो. तसं होत नाही. ती भांडी जुन्या घरातच राहिली, आणि जुन्या घराला त्या सकाळी कुलूप लागलं.

तो दिवस नेमका जागा पक्क्या करायचा शेवटचा होता. मुदत संध्याकाळी सहाची. बहुतेकांनी आधीच उरकलं होतं. राहिली होती ती घरात होय-नाही चाललेली, पोरीला इतक्या लांब पाठवावं का म्हणून तळ्यात-मळ्यात करणारी मंडळी.

दुपारपर्यंत कुणाला काही कळलंच नाही. ऑफिसच्या भिंतीवरचा पडदा हिरवागार होता, कारण मधल्या कंपनीने 'मेसेज स्वीकारला' असं उत्तर दिलं की यांचा प्रोग्राम ते 'पाठवला' म्हणून मोजायचा. स्वीकारला आणि पोचला यात केवढं अंतर असतं! हेल्पलाइनचा फोन खणखणायला लागला तेव्हा कोडताईने मधल्या कंपनीचं पॅनेल उघडलं. तिथे सकाळपासूनचा एकेक मेसेज होता: नंबर, पूर्ण मजकूर, त्यातला कोड, आणि प्रत्येकापुढे लाल अक्षरांत तेच. नाकारला. या नावाखाली हा मजकूर नोंदलेला नाही.

तिने लगेच टेम्प्लेटचा अर्ज भरला. 'तपासणीत' असं उत्तर आलं, आणि खाली बारीक अक्षरांत कामकाजाचे एक-दोन दिवस लागतील अशी सूचना. मधल्या कंपनीच्या माणसाला फोन केला. तो अदबीने म्हणाला की अडवणारे आम्ही नाही, टेलिफोन कंपन्या आहेत. तुमचं नावच द्या म्हटलं, तर म्हणाला की ते चाचणीपुरतंच, खरे मेसेज त्यावरून पाठवले तर आमचंच नाव बंद होईल. जुन्या नावावर परतावं तर ते बंद. मालकांनी नेहमीप्रमाणे विचारलं की प्रोग्राममध्ये काही करता येईल का. तिने मान हलवली. प्रोग्राममध्ये काही बिघडलेलंच नव्हतं, तर दुरुस्त काय करणार?

मालकांनी प्रवेश कार्यालयातल्या साहेबांना फोन लावला. साहेबांचं म्हणणं असं की मुदत वाढवायचा अधिकार वरिष्ठांचा, वरिष्ठ प्रवासात, आणि त्यांचा फोन लागत नाही. सहा वाजता यादी आपोआप पुढे सरकते, तिला कुणी हात लावत नाही. ज्यांना जमेल त्यांनी सहाच्या आत कार्यालयात समक्ष येऊन सही करावी. जवळची चार घरं धावत गेलीही. पण जी घरं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होती त्यांनी काय करायचं, याचं उत्तर साहेबांकडे नव्हतं. त्यांनी ते शोधलंही नाही.

तेव्हा कोडताईलाच उपाय सुचला. कोड पॅनेलवर दिसतोच आहे. ज्या नंबरावर तो जायला हवा होता त्याच नंबरावर आपण फोन करायचा आणि तोंडी सांगायचा. नंबर ज्याच्या हातात, त्यालाच कोड. नियमाला धक्का नाही. मेसेजने जायचं ते माणसाने जायचं, एवढाच फरक. मालकांनी लगेच होकार दिला आणि आपलाही फोन घेऊन बसले.

आणि मग जे सुरू झालं, त्यावर हसावं की रडावं ते तिला कळेना. "नमस्कार, तुमचा कोड सांगायला फोन केलाय," एवढं म्हणायचा अवकाश, पलीकडून फोन बंद. एका बाईंनी तर तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. एका निवृत्त गुरुजींनी तिला धरून ठेवलं आणि चांगल्या घरच्या मुलीने असले धंदे करू नयेत यावर प्रवचन दिलं. ती कळवळून सांगत होती की मी कोड मागत नाही, देतेय. गुरुजी म्हणाले, "हीच तर तुमची नवी युक्ती." मालकांना कुणीतरी पोलिसांत देईन म्हणालं. काहींनी ऐकलं, ज्यांनी त्याच क्षणी कोड मागवला होता आणि फोन हातातच होता त्यांनी. तेवढी घरं सुटली. बाकीच्यांनी तिलाच तिचं ॲप वाचून दाखवलं: तुम्हीच लिहिलंय ना, आमच्याकडून कुणी फोन करत नाही म्हणून?

अशात हेल्पलाइनवर एका मुलीचा फोन आला. बोलणं हळू, शब्द नीट जुळवून. ती अर्ध्या दिवसाच्या वाटेवरच्या एका शहरातल्या झेरॉक्सच्या दुकानातून बोलत होती, तिथल्याच संगणकावर ॲपचं पान उघडून बसली होती. नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. वडील इतके दिवस नको म्हणत होते, आज सकाळी एकदाचे हो म्हणाले आणि कामावर गेले. ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका गोदामाच्या फाटकावर पहारेकरी. नोंदवलेला नंबर त्यांचा. कोड आला की ते दुकानाच्या फोनवर सांगणार असं ठरलं होतं, पण कोड काही येईना. दुसरा फोन घरात नव्हता.

"ताई, सहापर्यंत येईल ना?" मुलीने विचारलं.

कोडताईने पॅनेलवर तो नंबर शोधला. नुकताच मागवलेला कोड समोर होता. सहा आकडे. दहा मिनिटं चालणारे. तिने ते मनात वाचलेही. सांगितले असते तर एका श्वासात संपलं असतं.

पण तिने सांगितले नाहीत. हा फोन नोंदवलेल्या नंबरावरून नव्हता. मागच्याच वर्षी एका मुलीच्या चुलतभावाने असाच गोड बोलून, जागा नको म्हणतानाही लागतो तो कोड काढून घेतला होता आणि तिची जागा परस्पर सोडून दिली होती. त्यानंतर नियम झाला होता, आणि तो लिहिणारी हीच. आवाजावरून माणूस ओळखता आला असता तर कोड लागलेच कशाला असते? मन म्हणत होतं पोरगी खरी आहे. आणि मनाचं ऐकायचं नाही, हेच तर ती इतकी वर्षं सगळ्यांना शिकवत आली होती.

"मी तुझ्या बाबांना फोन करते," ती म्हणाली. "त्यांना कोड सांगते, ते तुला कळवतील. तू तिथेच थांब."

पहारेकऱ्याने पहिल्या घंटेला उचलला. तिने एका दमात सगळं सांगायचा प्रयत्न केला: मुलीचं नाव, शिक्षणाचं नाव, आजची मुदत. जितकं जास्त सांगितलं तितका तो जास्त सावध होत गेला. कोड तर मेसेजने येणार होता, आणि एवढं सगळं परक्या बाईला कसं माहीत? तो म्हणाला, बाई, मी फाटकावर उभा असतो, कोण आत यायला बघतंय ते मला कळतं. आणि फोन ठेवला. तिने पुन्हा लावला, त्याने कापला. मग मालकांच्या फोनवरून लावला. "आता दुसऱ्या नंबरावरून का?" एवढंच बोलून त्याने कापला, आणि त्यानंतर नंबर बंद लागू लागला. कोडची वाट बघणं सोडून त्याने फोनच बंद करून ठेवला होता. असे लोक चालू फोनमधूनही आत शिरतात, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असणार. सांगणारं कुणी कोडताईसारखंच असणार.

तिने हात टेकले. मालकांकडे बघितलं. मालक दुसऱ्या फोनवर कुणाची तरी मनधरणी करत होते. घड्याळाकडे बघायची तिला हिंमत होईना. मग ती स्वतःशीच म्हणाली, मरू दे नियम. तिने दुकानाचा नंबर फिरवला. मुलीला नवा कोड मागवायला सांगायचं, पॅनेलवरून वाचून दाखवायचा आणि मोकळं व्हायचं. पुढे जे होईल ते होईल, नोकरी गेली तर गेली.

दुकानदाराने उचलला. पोरगी गेली, म्हणाला. बापाचा फोन बंद लागायला लागला तशी घाबरली, बसने गोदामाकडे निघाली. पान बंद करून, अर्जाचा कागद घेऊन. तिच्याकडे फोन आहे का, कोडताईने विचारलं. नाही ना. मग कसा निरोप देणार?

कोडताई खुर्चीत बसून राहिली. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि हे तिला नवीन होतं. आजवर काही अडलं की ती कुठेतरी काहीतरी शोधायची, एखादी ओळ बदलायची, पुन्हा चालवून बघायची. आता शोधायचं ते सगळं सापडलेलं होतं. चूक कळली होती, उपाय कळला होता, अर्ज भरला होता, कोडही समोर दिसत होता. आणि तरी ती पोरगी बसमध्ये होती. तिला रडू आलं नाही, स्वतःचा संताप आला. चाचणी करताना मेसेजच्या माथ्यावर कुणाचं नाव आहे एवढं जरी नीट बघितलं असतं! ते तर डोळ्यांसमोर लिहिलेलं होतं.

सहा वाजले आणि यादी पुढे सरकली. भिंतीवरचा पडदा तेव्हाही हिरवाच होता. मालक उठून तिच्याजवळ आले आणि म्हणाले की तुझ्या एकटीची चूक नाही ही. ते भलेपणाने म्हणाले, पण तिला त्याचा काही उपयोग झाला नाही.

घरी गेल्यावर आईने विचारलं, चेहरा का उतरलाय. तिने थोडक्यात सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग बरोबरच केलं की त्या माणसाने." भावजयीने आईला डोळ्यांनी दटावलं. कोडताई ताटावरून उठली नाही, पण जेवलीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात पोचली तर टेम्प्लेटची मंजुरी आलेली. एका ओळीचं पत्र. तिने नव्या नावाने स्वतःला कोड पाठवून बघितला, या वेळी खऱ्या ॲपमधून, आणि माथ्यावरचं नाव दोनदा वाचलं. आला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. कालचे नाकारलेले मेसेज मात्र पुन्हा जात नसतात. मालकांनी कार्यालयाला मोठं माफीपत्र लिहिलं, आणि मुलांची काही चूक नसताना गेलेल्या जागांचा विचार व्हावा अशी विनंती केली. साहेबांनी उत्तर दिलं की पुढच्या फेरीत जागा उरल्या तर बघू. उरत नसतात, हे दोघांनाही माहीत होतं.

हेल्पलाइनचा फोन वाजला. तिने उचलला.

पलीकडे तो पहारेकरी होता. आवाज ओळखायला तिला एक शब्द पुरला. त्याने मात्र तिचा ओळखला नाही. काल ती घाईघाईत, रडवेल्या आवाजात बोलत होती, आणि आज हेल्पलाइनच्या ठरलेल्या स्वरात. त्याला एक तक्रार नोंदवायची होती. काल एका बाईने तुमच्या नावाने फोन करून फसवायचा प्रयत्न केला. पोरीचं नाव, तिचं शिक्षण, सगळं तिला ठाऊक होतं. पण मी काही तिच्या जाळ्यात सापडलो नाही. फोनच बंद करून टाकला. दुसऱ्या कुणी भोळ्या माणसाने ऐकलं असतं म्हणून कळवतोय, तुम्ही लोकांना सावध करा.

कोडताईने तक्रारीचं पान उघडलं. मग तिने विचारलं, "मुलीला सांगितलंत का हे?"

"सांगितलं ना. संध्याकाळी गोदामावर आली होती धावतपळत, घामाघूम. मी सगळं सांगितलं, कसा कापला, कसा बंद केला. ऐकत राहिली. मग माझ्याजवळ स्टुलावर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, बरं केलंत बाबा." मग तो म्हणाला, "जागेचं विचारलं तर म्हणाली, यादी बदलली, माझा नंबर खाली गेला, तसाही लागला नसता. आता ते राहू द्या म्हणाली. समजूतदार आहे पोरगी."

फोनच्या पलीकडे एखादं अवजड वाहन फाटकातून आत गेल्याचा आवाज आला. त्याने कुणाला तरी हात करून थांबवलं असावं, कारण तो क्षणभर दूर गेला आणि परत आला. कोडताईने मधल्या वेळात तोंड उघडलं होतं. खरं सांगायचं तर हाच क्षण होता. ती मीच होते काका, एवढं वाक्य जिभेवर आलं होतं. पण बसमधून उतरून, सगळं कळून, बापाच्या शेजारी बसून त्या पोरीने जे गिळलं होतं, ते आपल्याला हलकं वाटावं म्हणून त्याच्या ओंजळीत टाकायचं?

"लिहून घेतली ना तक्रार?" त्याने विचारलं.

"हो काका," ती म्हणाली. "घेतली."